पोस्टाकडे पाठ करून उभे राहा

सकाळी नऊच्या ठोक्याला वीज गेली आणि म्हाताऱ्याच्या उशाशी रात्रंदिवस घरघरणारं मशीन गप्प झालं. हवेतून ऑक्सिजन काढून नळीवाटे नाकात सोडणारं ते मशीन. घरात त्याच्या आवाजाची इतकी सवय झालेली की तो थांबला तेव्हा सुनेच्या हातातलं पातेलं खाली पडलं.

वीज दुरुस्तीसाठी नऊ ते पाच बंद, असं म्हणे कोपऱ्यावरच्या खांबाला दोन दिवस चिकटवलं होतं. वाचणार कोण? नवरा आठवडाभर मालाची गाडी घेऊन परगावी, आणि सून घराबाहेर पडायची ती फक्त दूध आणि औषधं आणायला, तेही पळत जाऊन पळत यायला. खांबांवरचे कागद वाचत हिंडायला ती काय नगरसेवक होती?

अडीनडीला म्हणून ठेवलेला छोटा सिलिंडर तिने पलंगाजवळ ओढला, नळी मशीनवरून काढून त्याला जोडली, चावी फिरवली. बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे आले. काटा पंचावन्नवर होता. भरलेला असता तर दीडशेवर असता, पण मागच्या आठवड्यात दोनदा वीज गेली तेव्हा तो वापरला होता, आणि ‘उद्या भरून मागवू’ म्हणता म्हणता उद्याचा परवा झाला होता. मिनिटाला दोन लिटर, म्हणजे पाच मिनिटांत काटा एक रेघ खाली. हे गणित तिला झोपेतही येत असे. पंचावन्न रेघा म्हणजे दीड वाजून गेला की खेळ खलास, आणि वीज येणार पाचला.

तिने सिलिंडर पुरवणाऱ्याकडे फोन लावला. तिथली बाई बरी होती. गाडी पाठवते म्हणाली, पण एक अट घातली. नकाशावरचा ठिपका तुमच्या भागात धड पडत नाही, मागच्या वेळी माणूस तासभर भटकला, तेव्हा खुणा लिहून पाठवा, फोन नंबर टाका, आणि आपल्या भाषेत लिहा, गाडीवाल्याला तीच नीट वाचता येते. मागच्या वेळचा माणूस आज नाही, नवा आहे.

सुनेने लिहायला घेतलं, तर पलंगावरून बोट हललं. थांब, असं.

आता हे सांगायला हवं की म्हातारा साधासुधा नव्हता. पस्तीस वर्षं त्याने या भागात टपाल वाटलं होतं. आधी पायी, मग सायकलवर. कुठल्या घराला दोन दारं, कुठल्या घरात मुलगा बापाशी बोलत नाही म्हणून दोघांची पत्रं वेगवेगळी द्यायची, हे सगळं त्याला तोंडपाठ. पाकिटावर नुसतं ‘थोरली मावशी, नळाजवळ’ लिहिलेलं असलं तरी पत्र मावशीच्या हातात पडायचं. गल्ली त्याला टपालकाका म्हणायची. छातीने दगा दिला, पाच वर्षं पलंग धरला, पण पत्ता सांगायचा तो त्यानेच. त्या बाबतीत घरात दुसऱ्या कोणाला तोंड उघडायची सोय नव्हती. पाहुणा येवो नाहीतर गॅसवाला, रस्ता म्हाताराच सांगणार, आणि सांगून झाल्यावर समोरच्याकडून परत म्हणवून घेणार.

तर त्याने सांगितलं आणि तिने लिहिलं. एकेका वाक्यानंतर तो दम घ्यायला थांबायचा.

‘पोस्टाच्या दारात पोस्टाकडे पाठ करून उभे राहा. डाव्या हाताला चाला. बेकरी लागेल. बेकरी सोडून तिसरी गल्ली. लोखंडी खांबांमधून आत या. शिंप्याच्या दुकानापाशी उजवीकडे वळा. दगडी नळ येईल. नळापासून चौथं घर, निळं फाटक. फाटकाला कडी नाही, ढकलावे.’

खाली तिने स्वतःचा नंबर टाकला.

दोन ठिकाणी तिचा हात अडखळला होता. एक म्हणजे ते लोखंडी खांब. त्यांच्यामधून माणूस जातो, सायकल जाते, गाडी जात नाही. पण सिलिंडर पंधरा-सोळा किलोचा, गाडी बाहेर लावून तो खांद्यावर आणेल, असा तिने विचार केला. दुसरं म्हणजे पोस्ट. पोस्ट तिथून हललं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याला कुठल्याशा नव्या रस्त्यावर नवी इमारत मिळाली होती. ती बातमी घरात आली तेव्हा म्हातारा दोन दिवस जेवला नव्हता. गल्लीत मात्र अजून सगळे त्या जुन्या कुलूपबंद इमारतीलाच पोस्ट म्हणत. दूधवाला म्हणे, शाळेतली पोरं म्हणत, ती स्वतःही म्हणे. तिला वाटलं, विचारावं. विचारलंही, बाबा, ‘जुनं पोस्ट’ लिहू का?

म्हाताऱ्याने डोळे वटारले. “पोस्ट म्हणजे पोस्ट.”

तेवढं बोलायला त्याला तीन श्वास लागले. आता अशा माणसाशी वाद घालायचा तरी कसा? एकेक शब्द त्याला सिलिंडरमधून विकत घ्यावा लागत होता. तिने तोंड मिटलं आणि पाठवायचं बटण दाबलं. सोळा वर्षं तिने या घरात हेच केलं होतं, आणि सोळा वर्षं त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

गाडी साडेअकराला निघाली. तोवर तिने दवाखान्याच्या गाडीसाठीही फोन करून पाहिला. तिकडून उत्तर आलं की दोन तास तरी लागतील, जीव अगदी घशाशी आला की परत करा. घशाशी म्हणजे नेमका कुठे, हे विचारायचं तिच्या जिभेवर आलं होतं. शेजारच्या दोन घरांना कुलूप, माणसं कामावर. तिसऱ्या घरात एक आजी, जी स्वतःच खुर्चीला धरून चालायची. नवऱ्याचा फोन लागतच नव्हता.

सव्वाबाराला सिलिंडरवाल्याचा फोन आला. आवाजावरून माणूस चाळिशीतला वाटला, शांत होता.

“ताई, मी पोस्टाच्या दारात उभा आहे. पाठ पोस्टाकडेच आहे. डावीकडे बेकरी नाही इथे.”

तो नव्या पोस्टापाशी उभा होता. असणारच की. बिचाऱ्याने लिहिलं तसंच केलं होतं, शब्दाला शब्द. ती म्हणाली, दादा, ते पोस्ट नाही, जुनं पोस्ट. त्याने विचारलं, जुनं कुठाय? आणि इथेच तिचं घोडं अडलं. जुनं पोस्ट बेकरीजवळ. बेकरी कुठाय? जुन्या पोस्टाजवळ. तिच्या अख्ख्या जगाच्या खुणा एकमेकींना धरून उभ्या होत्या, बाहेरून आत यायला एकही वाट नव्हती. नवं पोस्ट तिने कधी पाहिलेलंच नव्हतं. तिथून घराकडे कसं यायचं हे तिला दवाखान्याच्या पलीकडे काय आहे याच्याइतकंच ठाऊक होतं, म्हणजे काहीच नाही.

“बाबा,” तिने पलंगाकडे वळून विचारलं, “नव्या पोस्टापासून आपल्याकडे कसं यायचं?”

म्हाताऱ्याने हात वर केला. रस्ता सांगताना त्याचा हात नेहमी हवेत चालायचा, इथून असं, मग असं. आता तो हात वर गेला आणि तिथेच राहिला. ओठ हलले. मग हात परत गोधडीवर आला आणि त्याने मान भिंतीकडे वळवली. काटा सोळावर होता.

सिलिंडरवाला भला माणूस. दुसरा असता तर ‘पत्ता नीट कळवा मग येतो’ म्हणून निघून गेला असता. हा म्हणाला, मी नकाशातल्या ठिपक्याच्या मागे येऊन पाहतो, तुम्ही फोन ठेवू नका. मग पाऊण तास नुसती विचारपूस. त्याला लागलेल्या खुणा तिला माहीत नाहीत, तिच्या खुणा त्याला दिसत नाहीत. पेट्रोल पंप आहे, ताई. आमच्याकडे पंप नाही, दादा. उंच पांढरी इमारत आहे. कसली इमारत? त्याने दोघातिघांना विचारलं, निळं फाटक कुठे, टपालकाकांचं घर कुठे. नव्या रस्त्यावर राहायला आलेली सगळी माणसंही नवी. टपालकाका कोण म्हणून उलट त्यालाच विचारू लागली. पस्तीस वर्षं ज्याने घरोघर पत्रं पोचवली त्याचं घर कुणालाच सांगता येईना. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे हे सगळं म्हाताऱ्याला ऐकू येत होतं. ते त्याला ऐकू येऊ नये म्हणून ती खिडकीकडे सरकली, पण नळीच्या पलीकडे तिलाही जाता येईना. काट्यावरून नजर काढायची भीती वाटत होती.

“ताई, ठिपका म्हणतोय मी तुमच्या घरातच उभा आहे,” तो शेवटी म्हणाला. “माझ्यासमोर नुसती भिंत आहे. थांबा, हॉर्न वाजवतो.”

हॉर्न वाजला. फोनमध्ये वाजला, आणि मागच्या खिडकीतूनही वाजला.

ती धावत मागच्या बोळात गेली. घरामागे दोन हात रुंद बोळ, आणि बोळाच्या पलीकडे ती भिंत. दोन पुरुष उंच, वर फुटक्या काचा रोवलेल्या. भिंत उठली तेव्हा पलीकडे काटेरी झुडपं होती. मागे रस्ता झाला म्हणे, एवढंच तिने ऐकलं होतं. गाड्यांचे आवाज येत, पण कधी डोकावून पाहायला सवड झाली नव्हती, आणि डोकावणार कुठून?

“दादा!” तिने हाक मारली.

“ताई!” भिंतीपलीकडून उत्तर आलं. तो इतका जवळ होता की त्याला लागलेली धाप ऐकू येत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. पण हा वळसा साधा नव्हता. त्याने आजूबाजूला विचारलं. पलीकडच्या वस्तीत शिरायचं तर नाल्यावरचा पूल ओलांडायला लागतो, आणि तो पूल खणून ठेवलाय. लांबच्या पुलावरून गेलं तर पन्नास मिनिटं, गर्दी नसेल तर. पुढे जुनं पोस्ट शोधायचं, खांबांपाशी गाडी लावून सिलिंडर खांद्यावर आणायचा. सुनेने आत जाऊन काटा पाहिला. सात. सात पंचे पस्तीस.

सिलिंडर भिंतीवरून द्या, ती म्हणाली, मी धरते. तो म्हणाला, नको. गाडीच्या टपावर चढून मी वर आणेन, पण तुम्ही एकट्या कशा उतरवाल? हातातून सुटून त्याचं तोंड मोडलं तर तो तोफगोळ्यासारखा सुटेल, तुमच्याही जिवाला धोका. भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं नुसती उभी राहिली. तिला तेव्हा म्हाताऱ्याचा राग आला. खराखुरा, दातओठ खाऊन आला. ‘पोस्ट म्हणजे पोस्ट’ म्हणे! मग आपण ते मुकाट्याने लिहिलं याचा त्याहून जास्त आला. आतून खोकल्याचा आवाज आला आणि दोन्ही राग तिथेच विरले. तो खोकला ऐकल्यावर कुणावर रागावायचं?

“ताई,” भिंत म्हणाली, “तुमची खिडकी भिंतीपासून किती लांब?”

दोन हात, ती म्हणाली. आणि पलंग? खिडकीलाच लागून.

मग त्याने सांगितलं ते असं. गाडीत सात-सात मीटरच्या दोन जादा नळ्या आहेत, नव्या पेशंटसाठी ठेवलेला एक रेग्युलेटरही आहे. सिलिंडर इकडेच राहू दे. नळी येईल तिकडे.

तो गाडीच्या टपावर चढला. काचांवर त्याने गाडीतलं जाड पायपुसणं टाकलं, आणि दुमडलेल्या पायपुसण्यावरून, तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली पारदर्शक नळी खाली सोडली. नळी थोडी आली, अडकली, परत वर गेली, परत आली. सुनेने स्टुलावर चढून ती पकडली आणि खिडकीच्या गजांमधून आत ओढली. आत जाऊन तिने पिशवी सोडून नळीचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं आणि ओरडली, सोडा. काही झालं नाही. परत ओरडली. पेल्यात एक बुडबुडा आला, मग दुसरा, मग पाणी उकळल्यासारखं हललं. दोनवर ठेवा, दोनवर, ती म्हणाली, आणि म्हाताऱ्याच्या नाकातली नळी तिने जुन्या सिलिंडरवरून काढून या लांब नळीला जोडली. काटा चारवर होता.

म्हाताऱ्याच्या बोटाला लावलेल्या, रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रावर पंच्याऐंशी दिसत होतं. ती पाहत बसली. पंच्याऐंशी. शहाऐंशी. बराच वेळ शहाऐंशी. मग अठ्ठ्याऐंशी, आणि शेवटी नव्वदवर येऊन थांबलं. तिचा जीव भांड्यात पडला. ती पलंगाच्या कडेला टेकली आणि मग कुठे तिला कळलं की आपल्या कोपरातून रक्त येतंय, गजाला घासलं होतं बहुतेक.

पण भोग काही संपले नव्हते. भिंतीपलीकडे सिलिंडरवाल्याचा फोन वाजत होता. मघापासूनच वाजत होता म्हणे. त्याच्या गाडीत आणखी एक सिलिंडर होता आणि तो दुसऱ्या एका घरी जायचा होता. तिथेही नऊपासून वीज नव्हती. तिथे एक लहान मूल होतं. त्या घरानेही खुणा लिहून पाठवल्या होत्या, आणि आता तिथली बाई दर दोन मिनिटांनी विचारत होती, कुठवर आलात.

“मला निघायला हवं, ताई.”

“आणि हा?” ती म्हणाली. “रस्त्यात उघड्यावर? कुणी हात लावला तर?”

तो म्हणाला, गाडीच्या साखळीने मी तो खांबाला बांधतो, वर कागद लावतो, पेशंट चालू आहे, हात लावू नये. याहून जास्त माझ्या हातात काही नाही. संध्याकाळी मी नाहीतर दुसरा कुणी येऊन काढून नेईल. त्या माणसाला कळावं म्हणून मी खुणा लिहितो, तुम्हालाही पाठवतो, जपून ठेवा.

तिला वाटलं, धरून ठेवावं याला. पण भिंतीपलीकडच्या माणसाला धरणार कसं? आणि ते मूल. जा, दादा, ती म्हणाली. गाडी सुरू झाली, वळली, आवाज लांब गेला. दोन मिनिटांनी तिच्या फोनवर खुणा आल्या. तिने त्या म्हाताऱ्याला वाचून दाखवल्या, कारण तो बघत होता.

‘नव्या पोस्टावरून सरळ. पेट्रोल पंप सोडा. उंच पांढरी इमारत सोडा. पुढे लांब भिंत, भिंतीवर सिमेंटची जाहिरात. जाहिरात संपते तिथे खांब. खांबाला सिलिंडर. पेशंटचं घर भिंतीच्या आत. फाटक नाही. भिंतीपाशी हाक मारावी, ताई आहेत. नाही सापडलं तर मला फोन करा.’

“परत वाच,” म्हातारा म्हणाला.

तिने परत वाचलं. तो डोळे मिटून ऐकत होता. ओठ तिच्या मागोमाग हलत होते, जसे पूर्वी तो दुसऱ्यांना हलवायला लावायचा. पंप. पांढरी इमारत. जाहिरात. मध्येच ओठ थांबले.

“मला नाही सापडायचं हे घर,” तो म्हणाला.

त्याने तिचा हात चाचपडत धरला. “माझं चुकलं, पोरी.” नाही हो बाबा, असं कुठे, असं म्हणायची पद्धत असते. तिच्या ओठांवर आलंही होतं. पण दुपारचे दोनसुद्धा वाजले नव्हते, पाच वाजायला तीन तास होते, आणि खोटं बोलायचं त्राण तिच्यात राहिलं नव्हतं. तिने त्याचा हात तसाच धरून ठेवला.

तेवढ्यात भिंतीपलीकडे पावलं वाजली. दोन माणसं असावीत. पावलं जवळ आली आणि बरोबर तिथेच थांबली. कोणीतरी काहीतरी बोललं. साखळी वाजली. सून खिडकीशी झेपावली आणि गजांना तोंड लावून ओरडली, हात लावू नका, माणूस आहे त्याच्यावर, माणूस आहे. पलीकडून उत्तर आलं नाही. साखळी परत एकदा वाजली. ती वळली आणि म्हाताऱ्याच्या बोटाकडे पाहू लागली. नव्वद. नव्वद. एकोणनव्वद. नव्वद.

पावलं निघाली, लांब गेली.

“गेले,” म्हातारा म्हणाला.

मग दोघंही ऐकत बसली, कारण लांबून दुसरं कोणीतरी येत होतं.